मोकळी उरलेली दुपार

सांगलीतल्या एका डॉक्टरबाईंनी आपलं सोनोग्राफी सेंटर बंद केलं, तेव्हा जुना सर्व्हर विकण्याआधी त्याची डिस्क पुसायला मी गेलो होतो. जपायचे अहवाल त्यांनी आधीच दुसऱ्या दवाखान्याकडे सोपवले होते. पुसायला तासन्‌तास लागतील म्हणून त्यांनी सगळी दुपार मोकळी ठेवली होती.

मी म्हणालो, "न्हाई बाई, ही डिस्क पहिल्यापासून सगळं सांकेतिक करूनच लिहिते. ते उलगडायची किल्ली तिच्यातच असते. तेवढी नष्ट केली की झालं."

मी कमांड दिली आणि क्षणात काम संपलं.

"चित्रं गेली?"

"हायत तिथंच. पण आता कुणालाच उलगडायची न्हाईत. मलाबी."

त्यांनी बघायला मागितलं. मी डिस्कचा एक भाग उघडला. पडद्यावर अर्थ नसलेली अक्षरं सरकत राहिली.

"ह्यात कुठंतरी बाळं असतील," त्या हळूच म्हणाल्या, "जन्मायच्या आधीची."

मग आम्ही खिडकीशी चहा घेत बसलो. बाहेर कृष्णा संथ वाहत होती. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच होतो.