धाकटीचे व्हिडिओ

बस डेपोतल्या त्या मिस्त्रीला सगळे दादाच म्हणत. त्याची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. लहानपणी दोघांनी मिळून हातांच्या खुणांची एक भाषा घडवली होती. आईलासुद्धा ती निम्मीच कळायची. लग्न होऊन धाकटी दूर गेली आणि ही भाषा फोनवर आली. लिहिण्याचा तिला कंटाळा. ती व्हिडिओ पाठवायची, हातवारे करत, मध्येच पोट धरून हसत. दादा ग्रीस पुसून दोन ओळी लिहायचा.

पुढे फोन कुरकुरू लागला. बॅकअपची जागा भरली, मोबाइल डेटा दुपारीच संपायचा. डेपोतल्या कारकुनाने सेटिंग उघडून दाखवलं.

"बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, दादा. आकार एकदम आटोक्यात येईल. आणि बॅकअप आठवड्यातून एकदाच, फक्त वायफायवर. तुमची रात्रपाळी असते तेव्हा इथल्या वायफायवर आपोआप होईल."

"व्हिडिओ जातील का?"

"छे, फोनमध्ये राहतील की."

ते खरंच होतं. डेटा पुरू लागला, दादा खूश झाला.

त्या वर्षी धाकटी तापाने आठवडाभरात गेली. दादा जेवणाच्या सुट्टीत एका कोपऱ्यात बसून तिचे व्हिडिओ बघायचा. कोणी हटकायचं नाही. मग एके दिवशी वाकून काम करताना खिशातला फोन निसटला आणि मागे येणाऱ्या बसच्या चाकाखाली गेला. त्याचा अक्षरशः चुरा झाला.

कारकुनाने नव्या फोनवर बॅकअप उतरवून दिला. फोटो आले, दादाच्या ओळी आल्या. 'हो गं.' 'वेडी आहेस का?' 'परत सांग, कळलं नाही.' धाकटीच्या बाजूला मात्र नुसते धूसर चौकोन. एकात हात उचललेला पुसटसा दिसत होता. त्याने दाबून पाहिलं. फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असं फोन म्हणाला.

दादा एकेक चौकोन दाबत राहिला. कारकुनाचं तोंड उतरलं. "दादा, मीच तुम्हाला..."

"तू सांगितलंस ते बरोबरच होतं रे. तिचं बोलणं व्हिडिओतच असतं, हे मला कळायला हवं होतं."

त्याने मेहुण्याला फोन लावला. तिच्या फोनमध्ये तरी असतील, ही आशा. मेहुणा म्हणाला,

"दादा, मी तो सगळा पुसून माझ्या आईला वापरायला दिला. बघवत नव्हतं मला."

दादाने त्याला बोल लावला नाही.

आठवड्याने मेहुण्याचा एक व्हिडिओ आला. अडखळत, चुकत तो हातांनी विचारत होता, जेवलात का? बोटं वाकवायची लकब थेट धाकटीची. दादाचे डोळे भरून आले. त्याने चुकलेली एक खूण दुरुस्त करून, स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवला. फोन अजूनही वायफायवरच बॅकअप घेतो. व्हिडिओ मात्र आता त्यात असतात.