थांबणाऱ्या बाईंचं एक पान

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या रसायनशास्त्राच्या बाई वर्षानुवर्षं हंगामीच आहेत. यंदा कायम जागेची जाहिरात निघाली. अर्जाला अट अशी, की तुम्ही कसं शिकवता ते एका पानात लिहा. बाईंची फाइल उशीएवढी जाड: अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांचे अभिप्राय.

“यादी देऊ नका,” मी म्हटलं. “एकच मुद्दा घ्या आणि त्याला पुरावा द्या.”

मुद्दा अभिप्रायांतच सापडला. मुलं दर वर्षी लिहीत, की प्रश्न विचारल्यावर बाई उत्तरासाठी थांबतात, म्हणून मागच्या बाकांवरचेही बोलू लागतात. बाईंनी तेच उतरवलं. पान झकास झालं.

विभागप्रमुखांनी नाक मुरडलं. “गप्प उभं राहणं म्हणजे काय शिकवणं? निवड समिती मुलांचे सरासरी गुण बघते. सगळ्या वर्षांचा तक्ता टाका.”

तक्त्याला जागा हवी, म्हणून थांबण्याचा परिच्छेद गेला. मी तावातावाने उठले, तर बाईंनीच मला हात धरून बसवलं. “जाऊ द्या हो. अर्जावर सही त्यांचीच लागते.”

संध्याकाळी त्यांनी छापलेलं पान माझ्यापुढे ठेवलं.

“यात मी कुठे आहे?”

आणि सवयीप्रमाणे त्या थांबल्या. मी खाली मान घालून पान पुन्हा वाचू लागले.