हात बसेपर्यंत

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी नागपुरात घराच्या खालच्या खोल्यांत भरतकामाचं वर्कशॉप काढलं. चार बायका, एक अड्डा, म्हणजे कापड ताणून बसवायची लाकडी चौकट, आणि आरीची, म्हणजे टोकाला आकडी असलेली सुई. चौघींपैकी कोणालाच आरीकाम नीट येत नव्हतं. महिनाभर त्या शिकल्या आणि मग पहिली ओढणी केली. चौघी पाच-पाच तास बसल्या, म्हणजे एका ओढणीला वीस तास.

त्याच आठवड्यात इतवारीतल्या एका दुकानदाराने साठ ओढण्या मागितल्या. त्याच्या भावात ओढणीमागे नऊ तासांचीच मजुरी बसत होती. मी नाही म्हणायच्या बेतात होते. चौघींपैकी एक पूर्वी हिंगण्याच्या कारखान्यात वायरी जोडायच्या लाइनवर होती. ती म्हणाली, "पहिल्या नगावरून भाव काहून लावता, ताई? पहिला नग सगळ्यात महागच पडते."

त्यांच्या सुपरवायझरने सांगितलेलं तिला पक्कं आठवत होतं. एकूण केलेले नग दुप्पट झाले की दर नगाचा वेळ ठरावीक हिश्शाने उतरतो. त्यांच्याकडे तो पाचव्या हिश्शाने उतरायचा. मी कागद घेतला. पहिलीला वीस तास, तर दुसरीला सोळा, चौथीला तेरा, आठवीला दहा, सोळावीला आठ. पुढेही उतार होता, पण प्रत्येक पायरी गाठायला आधीच्या दुप्पट ओढण्या कराव्या लागणार होत्या. साठांची सरासरी आठ तासांच्या आत येत होती. तासाची मजुरी तीच, तास कमी, म्हणून ओढणी स्वस्त. मी ऑर्डर घेतली.

आठवी ओढणी झाली तेव्हा घड्याळ लावून पाहिलं. चौदा तास. मला धास्ती बसली. त्या चिंतेत मी सगळ्यात सावकाश काम करणाऱ्या बाईला चार शब्द लागेल असे बोलले. ती कामठीहून ऑटोने यायची आणि दिवसभर खाली मान घालून बसायची. तिने चुकलेले टाके उसवायला घेतले.

हिंगणावालीने मात्र माझ्याकडे पाहिलं. "तिले कायले बोलता, ताई? रोज जागा तं तुम्हीच बदलून राहिल्या. आज काठ, उद्या वेल, परवा बुट्टी. हात बसला की उठवता."

ते खरं होतं. सगळ्यांना सगळं यावं, कोणाच्या वाट्याला कायम किचकट काम येऊ नये, म्हणून मी रोज जागा फिरवत होते. न्याय म्हणून केलेली गोष्ट होती. पण त्यामुळे रोज सकाळी चौघी नव्याने शिकत होत्या. मी कामठीवालीची माफी मागितली. ती मान हलवून पुन्हा कामाला लागली.

जागा कायम केल्या, तसा वेळ उतरू लागला. नुसती बोटं चपळ झाली असं नव्हतं. धागे आदल्या दिवशीच मापाने कापून ठेवले जाऊ लागले. कापड एकदाच, पण नीट ताणलं जाऊ लागलं. आणि मधली बुट्टी आधी भरली तर काठ ओढला जात नाही, हे शोधलं कामठीवालीने. सगळ्यांत जास्त उसवणं तिच्याच वाट्याला आलं होतं, म्हणून तिलाच ते दिसलं. तेव्हापासून उसवणं जवळजवळ थांबलं. सोळावीला नऊ तास लागले, बत्तिसावीला सात.

चाळिसावी ओढणी झाली तेव्हा कामठीवालीच एकदा हळूच म्हणाली, "लवकर केलं तं आमचेच तास कमी होतीन ना, ताई?"

हिशेबाच्या कागदावर मी फक्त माझी बचत पाहिली होती. त्यांच्या दृष्टीने ती मजुरीतली तूट होती. वेग त्यांच्या हातांतून आला होता, आणि दंडही त्यांनाच होत होता. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की ओढणीमागे नऊ तास धरले आहेत. ऑर्डर संपल्यावर जेवढे तास एकूण वाचतील, त्यातल्या अर्ध्यांची मजुरी चौघींत वाटायची. हिंगणावाली म्हणाली की आधी कागदावर लिहा. मी लिहिलं.

साठावी ओढणी सहा तासांच्या आत झाली. सुरुवातीच्या माझ्या घोळामुळे सरासरी मात्र पावणेनऊला अडकली, त्यामुळे वाटायला फार थोडं उरलं. तरी ते वाटलं.

दुकानदाराने पुढची ऑर्डर नव्या नक्षीची दिली आणि आता हात बसलाय म्हणून भाव उतरवायला सांगितलं. मी चौघींकडून एक नमुना करून घेतला. चौदा तास लागले. वीस नाही, पण सहाही नाहीत. ताणणं, कापणं, क्रम लावणं बायकांच्या अंगात उरलं होतं. नवी वेल मात्र पहिल्यापासून शिकायची होती. हे तास कागदावर मांडून मी त्याच्यासमोर बसले. भाव थोडाच उतरला. बोलणी चालू असताना कामठीवाली माझ्या शेजारी होती, आणि या वेळी किती ओढण्यांनंतर हात बसेल हे त्याला तिनेच सांगितलं.