झाडपट्टी

माझा चुलता धोंडीराम सोलापुरात शिंदी विकायचा, आणि तोंडाआधी त्याचा हात चालायचा. १९३१ साली शिंदीच्या दुकानाचा लिलाव होता. निघता निघता त्याचा मेहुणा आणि भागीदार कुंडलिक म्हणाला, "दाजी, बोलीची रक्कम म्हंजे नुसता परवाना. झाडपट्टी येगळी. ती धरली न्हाय तर तुमचा नफा खोटा हाय."

लिलावाला जाताना खर्चाचं नाव काढायचं नाही, हा धोंडीरामाचा नेम. त्याने कुंडलिकाला असा ठोसा हाणला की पुढचे दोन दात उंबऱ्यावर पडले. मग गेला आणि सगळ्यांच्या वर बोली लावून आला.

दुकान मिळालं. पण झाडागणिक पट्टी भरल्याशिवाय आबकारीवाले झाडावर नंबर घालत नाहीत, आणि बिननंबरी झाड रसासाठी छेदणं गुन्हा. पट्टीपुरता पैसा उरलाच नव्हता. हा रेडा कोयता घेऊन तसाच झाडावर चढला. आबकारीच्या शिपायांनी त्याला खाली ओढलं आणि लाठ्यांनी त्याचा उजवा हात मोडला. वर दंड. वर्षभर दुकानात रिकामी मडकी.

पुढच्या लिलावाच्या सकाळी मोडका हात छातीशी धरून तो कुंडलिकावर ओरडला, "परवाना धर! झाडपट्टी धर! अजून काय ऱ्हायलं, बोल की!"

कुंडलिकाने तोंड उघडून पुढची मोकळी हिरडी दाखवली.

"ह्ये कशात धरू, दाजी?"