गॅलरीची काच आणि अक्षता

राहात्याला माझ्या मेहुण्याचं मंगल कार्यालय आहे. वरच्या गॅलरीला त्यानं काचेचा कठडा बसवला आणि तो सुरक्षित असल्याची टिप्पणी द्यायला मला बोलावलं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. घरात मात्र माझी ओळख ‘जेवायला बसल्यावर छताकडे बघणारे दाजी’ अशी. पुढच्याच आठवड्यात तिथं त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि वरपक्षाला गॅलरीत बसवायचं ठरलं होतं.

काच चकचकीत होती. कोपऱ्यात भट्टीत तापवून टफन केल्याचा शिक्काही होता. पण कडेनं पाहिलं तर काच एकपदरी. अशी काच मजबूत खरी, पण फुटली की क्षणात तिचा चुरा होतो आणि कठडाच उरत नाही. दोन काचांमध्ये चिकट पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच तडकली तरी जागेवर राहते. वरून धरायला आडवी नळीही नव्हती.

काच धरणाऱ्या तळाच्या चॅनेलचा एक बोल्ट काढायला लावला. त्याच्याबरोबर फरशीचा आणि खालच्या मसाल्याचा भुगा आला. स्लॅबच्या काँक्रीटपर्यंत बोल्ट पोचलाच नव्हता.

“दाजी, मी सोता रेलून बघितलंय. जरा बी हललं न्हाई.”

“तुम्ही एकटे होता. अक्षता टाकताना मागची रांग पुढच्यांच्या खांद्यावरून हात पुढे काढते. पुढची कशावर रेलणार?”

“मग पाटी लावतो, रेलू नये म्हणून.”

“नवरीकडं बघू नये, अशीही लावा.”

त्याला हसू आलं नाही. “व्याही खाली बसले तर माझी काय इज्जत राहील? सही करा, लग्न झालं की काच बदलतो.”

मी लिहिलं: गॅलरी बंद ठेवावी. लॅमिनेटेड काच, वर सलग नळी, बोल्ट थेट काँक्रीटमध्ये. कठडा गर्दीचा रेटा किती पेलतो याचं गणित आणि नमुन्याच्या काचेवर जड पिशवी झोक्यानं आदळवून घेतलेल्या चाचणीचा दाखला जोडावा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी बोल्ट, रबर आणि काचेच्या कडा तपासाव्यात. टवका दिसला की काच बदलावी.

बायकोनं वाचलं आणि विचारलं, “माहेरी आता मी कोणत्या तोंडानं जाऊ?” टिप्पणीत यावर काही तरतूद नव्हती.

लग्नाच्या दिवशी जिन्याच्या दाराला कुलूप होतं. मेहुण्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि मला दारातच उभं केलं. “आता तुमीच सांगा सगळ्यांला.” मी फेट्यासह सांगत राहिलो.

वराचे काका आले. “वर जागा हाय का?”

“आहे. पण बंद आहे.”

“कुनी केली बंद?”

मी बोलणार तोच मागून मेहुणा आला. “मीच केली बंद. काच बरोबर न्हाई. तुमी पुढं चला, पैल्या रांगेत बसवतो.” आणि त्यानं स्वतःच्या चुलत्यांना उठवून तिथं काकांना बसवलं.

चुलते जेवणापर्यंत माझ्याकडे बघत होते. मी छताकडे बघितलं.