मिस पर्लना 'वा ग्वान' म्हटलं त्याची गोष्ट

रत्नागिरीहून सुटलेली बस सकाळी काशीमीऱ्याला पोचली. ट्रकच्या रांगेतून वाट काढत मी रिक्षा गाठली. कानात इअरफोनची वायर होतीच. गेला महिनाभर मी कॅरिबियन गाणी ऐकत होतो, कारण माझी पुतणी सायली जमैकाच्या डेव्हनशी लग्न करणार होती. दोघं एकाच क्रूझवर कामाला. आज डेव्हनची आई, मिस पर्ल, माणसं बघायला घरी येणार होती. "आई हो म्हणाली तरच," असं डेव्हनने आधीच स्पष्ट केलेलं.

"कहाँ, काका?" रिक्षावाल्याने विचारलं.

"खारी. केबिन रोडसे लेना, मिठाई लेनी है."

केबिन रोडवर सकाळीच गर्दी. काजूकतली घेतली आणि खारीत माझ्या धाकट्या भावाच्या, विनूच्या घरी पोचलो. एकेकाळी इथे शेतं होती म्हणे. आता इमारतींच्या मध्ये जुनं गाव दाटीने बसलंय. विनू घामाघूम झालेला. "दादा, तू तरी बोल हां काहीतरी. मला इंग्लिश येत नाय, आणि माझी मुलगी हाय ही."

"अरे, मी त्यांचीच भाषा शिकून आलोय!" मी म्हणालो. अंगात आलेला शहाणपणा लपत नाही तो असा.

अकराला डेव्हन आणि त्याची आई आली. उंच, ताठ बाई, चर्चला जावं तसा इस्त्रीचा झगा, डोक्यावर टोपी. मी पुढे झालो, हात उंच केला आणि ठणकावून म्हटलं, "वा ग्वान, मिस पर्ल! आयरी?"

डेव्हन जमिनीकडे बघायला लागला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." मग खुर्चीवर बसल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. विनूचा चेहरा पडला.

सायलीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "काका, काय केलंत!"

"काय चाललंय, असंच विचारलं ना?"

"हो, पण ते बरोबरीच्यांत. मी डेव्हनला 'वा ग्वान' म्हणते, तो म्हणतो 'मी डे याह' (आहे इथंच, चाललंय). वडीलधाऱ्यांना नाय म्हणत. तिथे बस स्टॉपवर अनोळखी लोक असले तरी आधी गुड मॉर्निंग म्हणतात. दुकानात शिरताना न म्हटलं तर लोक म्हणतात, घरी वळण लावलं नाय. संध्याकाळी तर भेटल्या भेटल्या 'गुड नाईट' म्हणतात, निरोपाला नव्हे."

"आणि आयरी?"

"तो तिथल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचा शब्द. मन-शरीर सगळं छान, असा अर्थ. गाण्यांत सारखा येतो, टूरिस्टना आवडतो, पण डेव्हनची आई चर्चची बाई. तिच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाय."

म्हणजे मी काय केलं होतं? विहीणबाई दारात आल्यावर नमस्कार सोडून 'काय गं, मजेत ना?' म्हटलं होतं. मला खरंच लाज वाटली.

मासे तळून होईपर्यंत बारा वाजून गेले. मी चपला घालून बाहेर गेलो आणि पुन्हा दारातून आत आलो. दोन्ही हात जोडले. "गुड आफ्टरनून, मिस पर्ल."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. "गुड आफ्टरनून, सर!" त्या म्हणाल्या आणि पर्स खाली ठेवली.

जेवायला सुरमई, भात, सोलकढी. सोलकढीचा घोट घेऊन त्यांनी नारळ ओळखला आणि आपल्याकडे जमैकातही भात नारळाच्या दुधात शिजवतात, राजमा घालून, असं सांगायला लागल्या. सायली भाषांतर करत होती, पण विनूच्या बायकोने तोपर्यंत हातवाऱ्यांनीच दुसऱ्यांदा वाढलं होतं.

निघताना मी नीट आठवून म्हटलं, "गुडबाय, मिस पर्ल."

त्यांनी मान हलवली. "नो, सर. लिक्ल मोर."

विनू घाबरून माझा हात धरून म्हणाला, "आता काय चुकलं?"

"काही नाय, बाबा," सायली म्हणाली. तिचे डोळे भरलेले. "म्हणजे थोड्या वेळाने भेटू. म्हणाल्या, पुन्हा येणार."

विनू काजूकतलीचा डबा घेऊन त्यांच्या मागे धावला.

संध्याकाळच्या बसने मी परत निघालो. गाण्यांतून शब्द मिळतात, ते कोणाला म्हणायचे हे मात्र माणसांनी शिकवावं लागतं, असं काहीतरी लिहायचं मनात होतं. पण वाटेत विनूचा फोन आला. आवाज एवढा मोठा की पुढच्या सीटवरच्यांनीही ऐकलं: "दादा, बाईंनी सायलीला फोन केला! लग्नपत्रिकेवर आपली नावं कशी छापायची विचारत होत्या!"