गडग्यातली खिंड

कोर्टाला पुरावा म्हणून दाखवायचा गडगा, म्हणजे हद्दीवरचा रचीव दगडांचा बांध, आपणच पाडायचा, हा पराक्रम रत्नागिरीच्या वकिलांत आजवर सर्वेशच्याच नावावर असावा. दुसऱ्या दिवशी कोर्ट कमिशनर जागा पाहायला येणार होते. आपण आधी नजर टाकावी म्हणून तो कोर्टातले गुळगुळीत बूट घालून आरे-वाऱ्याच्या वरच्या कातळावर पोचला. पलीकडचं नीट दिसेना म्हणून गडग्यावर चढला, आणि खाली आला तो एकटा आला नाही. सोबत सात-आठ हात गडगा आला.

हरीकाकांनी, म्हणजे त्याच्या अशिलाने, आधी वकील उचलला, मग एकेक दगड. सर्वेश घाईने म्हणाला, "काका, रचू नका. नवीन रचलेला दिसला तर केससाठी उभा केला म्हणतील. पडलाय तसा राहू दे. माझ्यामुळे पडला हे मीच सांगेन."

हा गडगा तीस वर्षांचा. वडील गेल्यावर हरिश्चंद्र आणि काशीराम या दोन भावांनी शेजारच्या आत्माराम तात्यांना मध्ये घेतलं. करवंटीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. हरीकाकांना वरचं कातळ आलं, काशीरामला खालची बाजू. कागद नाही, सही नाही. दोघांनी मिळून मधे गडगा घातला आणि संध्याकाळी एका ताटात कुळथाची पिठी-भात खाल्ला. पुढे काशीराम मुंबईला गेला. हरीकाकांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून हापूसची कलमं उभी केली. सातबारावर मात्र दोघांची नावं एकत्रच राहिली. तलाठ्याकडे जायचं ते दर मे महिन्यात ठरायचं आणि दर जूनमध्ये राहायचं.

काशीराम वारला. त्याचा मुलगा सुजय याने दावा लावला, की वाटप कधी झालंच नाही, सगळं सामाईक आहे, तेव्हा कलमांतलाही अर्धा हिस्सा द्या.

सर्वेशने काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की तोंडी वाटणी कायद्याला चालते. ती लिहिलीच पाहिजे, नोंदवलीच पाहिजे असं नाही. पण कुटुंब एकत्र आहे असंच कोर्ट धरून चालतं. वाटणी झाली म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायची. नुसतं 'झाली हो' म्हणून भागत नाही. इतकी वर्षं कोण काय कसत होतं, पंपाचं वीजबिल कुणाच्या नावावर, वाटपाला कोण हजर होतं, हे दाखवावं लागतं. सर्वेशने चार दिवस निबंधक कार्यालयात घालवले, तेव्हा हुकमाचा कागद सापडला. काशीरामने रस्त्यालगतचा तुकडा विकला होता, आणि त्या नोंदणीकृत खरेदीखतात लिहिलं होतं, 'भाऊ हरिश्चंद्र याच्याशी झालेल्या तोंडी वाटपात माझे हिश्श्यास आलेली व माझे एकट्याचे कब्जातील.'

कमिशनर आले. उरलेल्या गडग्यावरचं जुनं शेवाळ त्यांनी पाहिलं, पडलेला भाग आणि सर्वेशचं लंगडणं दोन्ही पाहिलं, आणि ये-जा करायला पहिल्यापासून मोकळी सोडलेली मधली हातभर खिंडही लिहून घेतली.

ती खिंड उलटतपासणीत निघाली. समोरच्या वकिलांनी विचारलं, काशीराम मे महिन्यात येई तेव्हा जेवायला तुमच्याकडेच ना? काकांनी नुसतं हो म्हणावं, तर चेहरा उजळला. काशाला फणसाची भाजी कशी लागायची, आंब्याचं सांदण तो किती खायचा, खिंडीतून येताना 'वयनी, पान मांड' कसा ओरडायचा, सगळं सांगून टाकलं. सर्वेशने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुम्ही एकत्रच होतात," वकील म्हणाले.

"जमीन वाटली," काका म्हणाले. "जेवान कुटं वाटलं?"

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्माराम तात्यांनीही करवंटीसकट सगळं सांगितलं. सहा महिन्यांनी निकाल लागला. सुजयच्या बापानेच नोंदणीकृत कागदात वाटप कबूल केलंय, तीस वर्षं वहिवाट वेगवेगळी आहे; भाऊ एका पंगतीला बसले म्हणून झालेली वाटणी मोडत नाही. दावा फेटाळला. कलमं वाचली.

सर्वेश पेढे घेऊन कातळावर गेला. पाडलेले दगड आता रचायला हरकत नव्हती. दोघांनी मिळून रचायला घेतले. काकांनी पेढा न खाताच गडग्यावर ठेवून दिला होता. आपण वेगळे होतो हे सिद्ध करायला दोन वर्षं कोर्टात उभं राहावं लागलं, आणि जिंकल्यावर ज्याला सांगायचं तो नव्हता. त्यांची नजर सारखी पलीकडच्या रानाकडे जात होती.

सर्वेशला काहीतरी उपयोगाचं बोलावंसं वाटलं. म्हणाला, "काका, सुजय अपिलात गेला तर पुन्हा तेच विचारतील. हातासरशी ही खिंडही बुजवून टाकू."

काकांनी हातातला दगड खाली ठेवला.

"मंग काशा येल कुटनं?"